रोटाचा डोस पाजला आणि बाळाने उलटी केली!

गेल्या महिन्यात एका बहिणीचे पत्र आले. बाळंतपणासाठी ती माहेरी आहे. पत्र घाईत लिहिलेले होते, पण त्यातला प्रश्न नेमका होता. मुलगी दीड महिन्याची झाली म्हणून तिला बुधवारी लसीकरणाला नेले. नर्सबाईंनी आधी तोंडात पोलिओचे दोन थेंब टाकले, मग रोटाची लस पाजली आणि शेवटी इंजेक्शने दिली. मुलगी खूप रडली. शांत व्हावी म्हणून आईने बाहेरच्या बाकावर बसून तिला अंगावर घेतले. पंधरा-वीस मिनिटांनी खांद्यावर टाकल्याबरोबर मुलीने भळकन उलटी केली. सोबत आलेल्या नानीचे म्हणणे, "सगळे औषध बाहेर पडले, पुन्हा पाजून घे." नर्सबाई म्हणाल्या, गरज नाही. घरी आल्यावर सासरहून दादीचा फोन आला, "लस मानवली नाही. पुढच्या वेळी ती तोंडातली नको, फक्त सुई घ्या." लंडनला असलेल्या नणंदेने कळवले की तिच्या मुलाला अशा वेळी पुन्हा डोस दिला होता. अमेरिकेतल्या चुलतभावाची बायको म्हणाली, आमच्याकडे कधीच पुन्हा देत नाहीत. "आता मी कोणाचे ऐकू?" असा तिचा सवाल आहे.

या चौघींपैकी तिघींच्या बोलण्यात तथ्य आहे. चौथीचे, म्हणजे दादींचे म्हणणे मात्र मानले तर मुलीचे नुकसान होईल. त्यांना मुलीची काळजी आहे म्हणूनच त्या तसे बोलल्या. तरीही ते का मानायचे नाही, हे सांगणे भाग आहे.

आधी ही लस कशी काम करते ते पाहू, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात. रोटाव्हायरस हा लहान मुलांना उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब लावणारा विषाणू आहे. त्याच्याविरुद्धची लस सुईने न देता तोंडाने पाजतात, कारण तिचे काम आतड्यात आहे. लशीत याच विषाणूचे सौम्य केलेले जिवंत रूप असते. ते पोटातून पुढे लहान आतड्यात जाते, आतड्याच्या अस्तरात स्वतःची संख्या वाढवते आणि त्याला ओळखून शरीर आपली तयारी करते. म्हणजे ताप उतरवण्याचे औषध जेवढे पाजले तेवढेच काम करते, तसे या लशीचे नसते. भारत बायोटेक कंपनीच्या रोटाच्या थेंबांत एका डोसात किमान एक लाख जिवंत विषाणूकण असतात आणि पोटात गेल्यावर त्यांना वाढायचे असते. ओठाच्या कडेने थोडी लस ओघळली म्हणून डोस फुकट गेला असे होत नाही. शिवाय हा डोस एकच नसतो. आपल्या सरकारी कार्यक्रमात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असे तीन डोस आहेत.

लशीचे प्रमाणही लक्षात ठेवा, कारण काय बाहेर पडले याचा अंदाज त्यावरून येतो. आपल्या देशात सरकारी केंद्रांवर दोन प्रकारची लस वापरली गेली आहे. एक हैदराबादच्या भारत बायोटेकची. तिचे पाच थेंब, म्हणजे अर्धा मिलिलिटर, तोंडात टाकतात. दुसरी आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. तिची पावडर सोबतच्या द्रवात मिसळून अडीच मिलिलिटर पाजतात. अडीच मिलिलिटर म्हणजे औषधाच्या नेहमीच्या चमच्याचा अर्धा भाग. पाच थेंब बाळाला कळतही नाहीत, पण अर्धा चमचा लहान बाळाच्या तोंडात बराच वाटतो आणि रडणारे बाळ त्यातला काही भाग जिभेने बाहेर ढकलते. आपल्या केंद्रात कोणती लस आहे हे नर्सबाईंना विचारायला संकोच करू नका.

आता उलटीकडे वळू. आपण ज्याला एकाच शब्दात उलटी म्हणतो त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या की अर्धे उत्तर तिथेच मिळते.

पहिली गोष्ट म्हणजे लस थुंकून टाकणे. लस पाजत असतानाच किंवा पाजल्याबरोबर, गिळण्याआधीच बाळाने ती बाहेर काढली. बाळ रडत होते, नळी जिभेच्या मध्यावर होती, एकदम सगळे ओतले गेले आणि सारे हनुवटीवरून लाळेरात गेले. इथे लस खरोखरच पोटात गेलेली नसते. दुसरी गोष्ट म्हणजे दूध टाकणे. लस नीट गिळली, नंतर बाळ दूध प्यायले आणि ढेकर काढताना दुधाची गुळणी आली. बाहेर येते ते मुख्यतः दूध, कधी फाटलेले, दह्यासारखे. दीड महिन्याची कितीतरी बाळे रोजच असे करतात, मग लशीचा दिवस असो की नसो. तिसरी गोष्ट म्हणजे आजारपणाची उलटी. ती पुन्हा पुन्हा होते, बाळ मलूल होते, दूध घेत नाही. तिच्याबद्दल पुढे वेगळे सांगते.

डोस पुन्हा द्यायचा का, हा प्रश्न फक्त पहिल्या प्रसंगात उठतो, आणि लस गिळल्यानंतर लगेच, डोळ्यांदेखत जवळजवळ सगळी उलटून पडली असेल तर. ब्रिटनमधल्या सूचना अशा आहेत की लशीचा बहुतेक भाग थुंकला किंवा उलटला गेला असेल तर त्याच भेटीत एक डोस पुन्हा देता येतो. ऑस्ट्रेलियातही तसेच आहे. आपल्याकडच्या पाच थेंबांच्या लशीच्या माहितीपत्रकातही हेच म्हटले आहे, निर्णय मात्र डॉक्टरांवर सोपवला आहे. अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्ला उलट आहे. बाळाने थुंकले काय किंवा उलटी केली काय, पुन्हा देऊ नका आणि पुढचे डोस वेळेवर द्या, असे ती सांगते. लंडनची नणंद आणि अमेरिकेतली जाऊ या दोघी आपापल्या देशाचा नियम बरोबरच सांगत होत्या. दोन्हीकडच्या तज्ज्ञांपुढे अडचण एकच होती. पुन्हा डोस दिल्याने किती फायदा होतो हे तपासणारा पुरेसा अभ्यास हाताशी नव्हता. एकांनी म्हटले, नुकसान दिसत नाही तर एकदा द्यावा. दुसऱ्यांनी म्हटले, तपासलेले नाही तर कशाला द्यावा. लशींचे प्रकारही देशागणिक वेगळे आहेत. म्हणून परदेशातल्या नातेवाइकांचा नियम आपल्या मुलाला लावायचा नाही. समोरच्या नर्सबाईंच्या हातात जी लस आहे तिच्या सूचनेप्रमाणे जायचे.

एका बाबतीत मात्र सगळ्यांचे एकमत आहे. पुन्हा द्यायचाच असेल तर तो त्याच वेळी, त्याच ठिकाणी आणि एकदाच. दुसऱ्यांदाही बाळाने थुंकला तर तिसऱ्यांदा नाही. घरी गेल्यावर संध्याकाळी उलटी झाली म्हणून दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन केंद्रावर किंवा खासगी दवाखान्यात जाऊन "पुन्हा पाजा" म्हणायचे नाही. दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे जावे लागतात. कालचा डोस पोटात गेलेला असताना आज दुसरा देण्याला कसलाच आधार नाही.

आमच्या बहिणीच्या मुलीचे काय झाले ते आता पाहा. लस इंजेक्शनांच्या आधी पाजली होती. ती पाजताना मुलगी शांत होती, म्हणजे थुंकण्याचा प्रश्न नव्हता. त्यानंतर सुया झाल्या, रडणे झाले, मग दोन्ही बाजूंचे दूध पिणे झाले आणि पंधरा-वीस मिनिटांनी उलटी झाली. मी तिला उलट विचारले, "दुपट्यावर काय पडले होते?" ती म्हणाली, "पांढरे, गुठळ्या झालेले, सगळे दूधच होते. नंतर ती लगेच झोपली आणि उठल्यावर पुन्हा प्यायली." रडताना बाळ हवा गिळते, वर पोट भरून दूध घेते आणि लगेच खांद्यावर टाकले की दाबासरशी दूध वर येते. दुधाबरोबर लशीचा थोडासा अंश आला असेलही, पण डोस बाहेर पडला असे म्हणता येत नाही. नर्सबाईंनी पुन्हा दिला नाही ते बरोबरच केले. पहिला डोस झाला असे धरायचे, कार्डावर त्या तारखेची नोंद आहे ना हे पाहायचे आणि दुसरा दहाव्या आठवड्याला घ्यायचा.

नानींचा आग्रह कुठून आला असेल हेही मला कळते. पोलिओचे थेंब बाळाने थुंकले तर लगेच पुन्हा टाकतात. घरोघरच्या पोलिओ मोहिमेत आपण सगळ्यांनी ते पाहिले आहे. पोलिओचे दोन थेंब आणि रोटाचे पाच थेंब एकाच दिवशी, एकाच तोंडात, पाठोपाठ पडतात. तेव्हा एकाचा नियम दुसऱ्याला लावला जाणे साहजिक आहे. लसीकरणाला बाळासोबत जे कोणी जाईल त्याने एवढे लक्षात ठेवावे की कोणती लस थुंकली हे नर्सबाईंना तिथल्या तिथे सांगायचे. त्या एका पाठोपाठ एक बाळे हाताळत असतात. तुमच्या बाळाच्या हनुवटीवरून काय ओघळले ते त्यांच्या नजरेतून सुटू शकते.

म्हणूनच लस दिल्यावर केंद्रात अर्धा तास थांबायला सांगतात ते मनावर घ्या. रिक्षा उभी आहे, घरी पाहुणे यायचे आहेत, अब्बूंना कामावर जायचे आहे म्हणून बरीच कुटुंबे सुई झाली की निघतात. पुन्हा डोस देण्यासारखी वेळ आलीच तर ती याच अर्ध्या तासातली असते. रस्त्यात उलटी झाली की निर्णय घेणारे कोणी जवळ नसते आणि मग घरात वाद सुरू होतात.

डोस पोटात राहावा यासाठी आईच्या हातात काय आहे? बाळाला मांडीवर आडवे-तिरपे धरा, डोके आपल्या कोपरावर किंचित मागे टेकलेले असू द्या. पूर्ण आडवे नको आणि ताठ उभेही नको. तोंड उघडत नसेल तर नर्सबाई गाल हलकेच दाबतात आणि लस गालाच्या आतल्या बाजूला, थोडी थोडी, बाळ गिळेल तशी सोडतात. घशात मागे सोडली तर बाळाला ठसका लागतो आणि जिभेवर पुढे सोडली तर ते बाहेर ढकलते. तोंडातली लस सुयांच्या आधी द्यायला सांगा. बहुतेक ठिकाणी तशीच देतात, पण गर्दीत क्रम बदललाच तर "आधी तोंडातले द्या ना" असे म्हणायला हरकत नाही. रडणाऱ्या बाळाला पाजणे पाजणाऱ्यालाही अवघड जाते.

दुधाबद्दल घरोघरी वेगळे नियम ऐकू येतात. लशीआधी तासभर दूध नको, नंतर अर्धा तास नको, "नाहीतर लस दुधात विरघळते". रोटाच्या लशीसाठी असे कोणतेही बंधन नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. लशीच्या वेळी आईचे दूध थांबवले तर लस जास्त लागू पडते का, हे दिल्लीत आणि कराचीत बाळांचे दोन गट करून तपासले गेले आहे. थांबवून फायदा दिसला नाही. भुकेले बाळ मात्र जास्त रडते आणि जास्त थुंकते. माझा स्वतःचा सल्ला एवढाच असतो की निघण्याआधी नेहमीसारखे पाजा, ढेकर काढा, लशीनंतर बाळ मागेल तेव्हा द्या, पण गप्प करण्यासाठी पोट तट्ट होईपर्यंत पाजू नका. मधे एकदा ढेकर काढा आणि लगेच पोट दाबले जाईल असे खांद्यावर टाकू नका.

उलटी झाल्यावर बाळाचे तोंड पुसा, कपडे बदला, थोड्या वेळाने पुन्हा अंगावर घ्या. ओव्याचे पाणी, साखरपाणी, घुट्टी, ग्राइप वॉटर यांपैकी काही नको. मधाचे बोट चाटवू नका. एक वर्षाच्या आत मध दिल्यास क्वचित फार गंभीर आजार होऊ शकतो. उलटी थांबवण्याचे औषध दुकानातून आणून तर मुळीच देऊ नका. लशीतला विषाणू काही दिवस बाळाच्या शीतून बाहेर पडतो, म्हणून लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवायचे. ते एरवीही करायचेच असते.

आता तिसऱ्या प्रकारची उलटी. हा भाग सासू-सुनांनी दोघींनी वाचावा. लशीच्या दिवशी एखादी-दुसरी उलटी, थोडी चिडचिड, पातळ शी आणि सुयांमुळे आलेला ताप हे एक-दोन दिवसांत निवळते. पण बाळ पुन्हा पुन्हा ओकत असेल, प्यायलेले काहीच टिकत नसेल, लघवी खूप कमी झाली असेल, बाळ हाक मारूनही डोळे उघडत नसेल, तर दवाखाना गाठा. उलटीचा रंग हिरवा असेल तर वेळ किंवा तारीख काही न पाहता लगेच जा.

यात एक दुखणे विशेष ओळखून ठेवण्यासारखे आहे. आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात, दुर्बिणीची नळी नळीत सरकावी तसा अडकतो. बाळ एकाएकी किंचाळून रडते, पाय पोटाशी ओढते, पांढरे पडते. दोन-चार मिनिटांनी शांत होते आणि काही वेळाने पुन्हा तसेच. सोबत उलट्या होतात आणि नंतर शीत रक्त आणि चिकट शेंब, लाल जेलीसारखे, दिसते. हे लस न घेतलेल्या बाळांनाही होते. काही देशांत रोटाच्या डोसानंतर, विशेषतः पहिल्या आठवड्यात, याचे प्रमाण अगदी किंचित वाढलेले आढळले. आपल्याकडे पाच थेंबांची लस सुरू झाल्यावर याच गोष्टीवर नजर ठेवून मोठा अभ्यास झाला. त्यात या लशीमुळे असे वाढल्याचे दिसले नाही. तरीही खुणा दिसल्या तर "लशीमुळे रडतेय, थांबेल" म्हणत रात्र काढू नका. लहान मुलांची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात न्या आणि डोस कोणत्या तारखेला झाला हे कार्ड दाखवून सांगा. वेळेत पोहोचले तर बऱ्याच बाळांचे आतडे ऑपरेशनशिवाय सुटते. हे दुखणे बाळाला पूर्वी कधी झाले असेल तर रोटाची लस देत नाहीत. ते आधीच सांगायचे.

आणि लशीच्या दिवशी बाळाला आधीपासूनच जुलाब-उलट्या लागल्या असतील तर? एखादी पातळ शी असेल तर लस थांबवत नाहीत. पण बाळ चांगलेच आजारी असेल, ओआरएस द्यावे लागत असेल, तर बरे होईपर्यंत डोस पुढे ढकलतात. ते ठरवायचे काम डॉक्टरांचे किंवा नर्सबाईंचे आहे.

आता दादींच्या म्हणण्याकडे येते. "मानवली नाही, पुढची नको." माझ्या अनुभवात लशीनंतरच्या उलटीने होणारे खरे नुकसान इथे होते. बाहेर पडलेल्या चार थेंबांनी बाळाचे फारसे बिघडत नाही, पण त्या उलटीच्या धास्तीने दुसरा आणि तिसरा डोस चुकतो. पाच थेंबांच्या लशीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढू भागात सहा हजारांहून अधिक बाळांवर झाली. तिन्ही डोस मिळालेल्या बाळांत पहिल्या वर्षी रोटाचे गंभीर जुलाब निम्म्याहून अधिक कमी झाले. म्हणजे ही लस पूर्ण कवच नाही. लस घेतलेल्या बाळालाही जुलाब होऊ शकतात आणि तेव्हा ओआरएस लागतेच. जे संरक्षण आहे ते मात्र तीन डोसांच्या हिशोबाने आहे. एक डोस थोडा सांडलेला आणि दोन सोडून दिलेले, असा हिशोब झाला तर बाळाच्या पदरात फार थोडे पडते. साध्या उलटीला "लस न मानवणे" म्हणत नाहीत. आधीच्या डोसानंतर अंगभर गांधी, चेहऱ्याला सूज, श्वास लागणे अशी तीव्र ॲलर्जी झाली असेल तर पुढचे डोस थांबवतात.

बहिणीने शेवटी विचारले होते की बाळंतपण उरकून ती सासरी जाणार आहे, दुसऱ्या डोसाची तारीख तिथे पडते, तर तिथल्या केंद्रावर चालेल का. चालेल. कार्ड सोबत न्या आणि पहिली लस कोणत्या कंपनीची होती याची नोंद त्यावर नसेल तर माहेरच्या नर्सबाईंकडून करून घ्या. शक्यतो तीच लस पुढे देतात. ती तिथे नसेल तर असेल ती देतात, पण डोस थांबवत नाहीत. तारीख मोजायला सोपी आहे. पहिला डोस बुधवारी झाला असेल तर त्यानंतरचा चौथा बुधवार धरायचा. लग्न, प्रवास, आजारपण यामुळे तो हुकला तर पुढच्या बुधवारी जायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. सरकारी कार्यक्रमात ही लस वर्षाच्या आत देता येते. आणि या वेळी दादींनाच बाळासोबत पाठवा. अर्धा तास बाकावर बसून त्या बाळाची ढेकर काढतील आणि उलटी झालीच तर काय पडले ते स्वतः पाहतील.